फसवणुकीचा इशारा आणि ओटीपीची सूचना: वयस्कर खातेदारांसाठी मराठीत कशी लिहावी?

प्रश्न: मी एका सहकारी बँकेत आहे. ओटीपीचा मेसेज, पैसे गेल्याचा इशारा आणि ‘कोड कोणाला सांगू नका’ ही सूचना इंग्रजीतून मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. आमचे बरेच खातेदार पेन्शनर आहेत. आधीचं भाषांतर व्याकरणाने चुकीचं नाही, पण लोकांना कळत नाही आणि ते फसतातच. नेमकं काय बदलू?

उत्तर:

ओटीपीच्या मेसेजपासून सुरुवात करतो. बाकीचं सगळं त्यातून निघतं. तुमच्याकडचं आत्ताचं भाषांतर बहुधा असं असेल, कारण बँकांमध्ये हाच साचा फिरतो:

> प्रिय ग्राहक, आपल्या खाते क्र. XX4521 मधील रु. 24,999.00 च्या व्यवहाराकरिता ओटीपी 618204 आहे. सदर ओटीपी 10 मिनिटांकरिता वैध असून तो कोणाशीही सामायिक करू नये. सदर व्यवहार आपण प्रारंभित केला नसल्यास त्वरित बँकेशी संपर्क साधावा.

हा मेसेज कोणत्या क्षणी वाचला जातो, हे आधी डोळ्यांसमोर आणा. पंचाहत्तरीच्या आजोबांच्या कानाला फोन आहे. पलीकडचा माणूस अदबीने बोलतोय, नाव घेऊन बोलतोय. तो म्हणतो, ‘हयातीचा दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन अडकेल, आत्ता तुमच्या मोबाइलवर एक नंबर आलाय तो वाचून दाखवा.’ आजोबा फोन कानापासून दूर करतात, चष्मा सारखा करतात आणि मेसेजमध्ये नंबर शोधतात. तुमच्या मजकुराला मिळतात ते एवढेच काही सेकंद, आणि तेवढ्या वेळात त्याला पलीकडच्या माणसाशी सामना करायचा असतो. ‘सदर’, ‘वैध असून’, ‘प्रारंभित’ यातलं काहीही त्या वेळी वाचलं जात नाही. नजर सहा आकड्यांवर जाते आणि थांबते.

तेव्हा नंबरापर्यंत पोहोचताना नजरेला जी गोष्ट ओलांडावीच लागेल, तीच सगळ्यात महत्त्वाची असली पाहिजे. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे हा कोड दिल्यावर काय होतं आणि किती पैसे जातात. पलीकडचा माणूस कधीच ‘पैसे जाणार आहेत’ असं सांगत नाही. तो दाखला, केवायसी, परतावा, बोनस, वीजबिल यांतलं काहीतरी सांगतो. त्याच्या गोष्टीला उभा छेद देणारं वाक्य मेसेजमध्ये एकच असू शकतं:

> हा कोड दिला की 24,999 रुपये तुमच्या खात्यातून जातील: 618204.

यात क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. नंबर वाक्याच्या शेवटी आहे, त्यामुळे तो शोधणारी नजर रकमेवरून आणि ‘जातील’वरून जाते. नुसतं ‘24,999 रुपये तुमच्या खात्यातून जातील’ असं मी लिहीत नाही. ज्याने काहीच केलेलं नाही असा माणूस ते वाचून घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला पलीकडचा म्हणतो, ‘हो, तेच थांबवायला फोन केलाय, नंबर सांगा.’ ‘कोड दिला की’ या तीन शब्दांमुळे पैसे जाणं खातेदाराच्या हातात राहतं. दिला तर जातील, नाही दिला तर नाही जाणार.

‘.00’ काढून टाका. छोट्या पडद्यावर तो ठिपका दिसत नाही आणि 24,999.00 ही रक्कम कोणी चोवीस लाख अशीही वाचतो. आकडे मात्र 6, 1, 8 असेच ठेवा, देवनागरी नकोत. कोड ज्या पडद्यावर भरायचा तिथली बटणं अशीच असतात, आणि पासबुकातही वर्षानुवर्षं हेच आकडे छापून येतात.

‘10 मिनिटांकरिता वैध’ हे तुमच्या तांत्रिक विभागाने आग्रह धरला तरच ठेवा. खरा व्यवहार करणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग असतो. फसवणाऱ्याला जास्त होतो, कारण ‘दहाच मिनिटं आहेत, लवकर बोला’ या घाईला मग बँकेच्याच मेसेजचा आधार मिळतो.

‘कोणालाही सांगू नका’ हे पुरत नाही

‘सामायिक करू नये’ कोणी बोलत नाही, ते काढायचं हे तुम्हालाही कळलेलं असेल. त्याजागी ‘शेअर करू नका’ घालून पुष्कळ जण थांबतात. अडचण तिथेही आहे. वयस्कर माणसांसाठी शेअर करणं म्हणजे व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणं. फोनवर वाचून दाखवणं त्यांच्या मनात त्यात येत नाही. म्हणून सरळ ‘सांगू नका’ लिहा.

पण खरी गोची ‘कोणालाही’मध्ये आहे. पासबुक छापायच्या रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त एसटी वाहकांना मी असा मेसेज दाखवून विचारलं होतं, की हा नंबर तुम्ही कोणाला सांगाल? ते ठामपणे म्हणाले, ‘छे, कुणालाच नाही. मुलालासुद्धा सांगत नाही.’ मी म्हटलं, आणि बँकेतून फोन आला तर? त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. ‘बँकेनं विचारलं तर सांगावंच लागेल ना. त्यांचाच नंबर आहे तो.’ यात विसंगती नाही. कोड बँकेने पाठवला, बँक तो परत मागतेय, यात त्यांना खटकण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्या हिशेबात ‘कोणी’ म्हणजे परका माणूस, आणि बँक परकी नाही. चाळीस वर्षं त्यांचा पगार तिथे जमा झालाय.

त्यामुळे सूचनेत बँकेच्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं. ‘बँक कधीही ओटीपी मागत नाही’ हे नेहमीचं वाक्य त्याच हेतूने लिहिलेलं असतं, पण ते वापरण्याआधी तुमच्या शाखेत जाऊन एक गोष्ट तपासा. खातं उघडताना, मोबाइल नंबर जोडताना, आधारची पडताळणी करताना काउंटरवरचा कर्मचारी ‘मेसेज आलाय का, नंबर सांगा’ असं म्हणतो का? बऱ्याच ठिकाणी म्हणतो. तसं असेल तर तुमचं ‘कधीही मागत नाही’ हे वाक्य खोटं आहे आणि खातेदाराने स्वतः ते खोटं ठरलेलं पाहिलं आहे. एकदा तसं झालं की तो पुढच्या सूचनांनाही फार किंमत देत नाही.

घरीही तेच. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस मोबाइलवर आलेला कोड विचारतो आणि तो सांगावाच लागतो. काही पार्सलं तशीच येतात, भाड्याची गाडी तशीच सुरू होते. म्हणजे ‘मोबाइलवर आलेला आकडा समोरच्याला सांगायचा’ ही सवय आपणच लोकांना लावलेली आहे. अशा माणसाला ‘कोणताही कोड कोणालाही सांगू नका’ म्हटलं, तर ती सूचना त्याच्या रोजच्या जगण्यात बसत नाही आणि तो ती मनातल्या मनात बाजूला ठेवतो.

हे दोन्ही अनुभव खरे राहतील अशी सीमा मला एकाच शब्दात सापडते: ‘फोनवर’. फोनवर बँकेचा कोड विचारणारा माणूस बँकेचा नसतो. हे वाक्य काउंटरवरच्या व्यवहाराने खोटं ठरत नाही, सिलिंडरवाल्यानेही खोटं ठरत नाही, आणि नेमकी जिथे फसवणूक होते ती जागा पकडतं. मात्र हे लिहिण्याआधी व्यवस्थापनाकडून लेखी कबूल करून घ्या की तुमचं कॉल सेंटर, कार्ड विभाग, वसुली विभाग यांपैकी कोणीही फोनवर कोड विचारत नाही. कोणी विचारत असेल तर आधी ते बंद व्हायला हवं. भाषांतरकाराने हा प्रश्न विचारावाच, कारण मूळ इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याने तो बहुधा विचारलेला नसतो.

जागा किती मिळते

इथे थोडं गणित येतं. ते माहीत नसेल तर चांगलं वाक्यही वाया जातं. इंग्रजी मेसेजच्या एका तुकड्यात 160 अक्षरं बसतात. देवनागरीत एकाच तुकड्याचा मेसेज असेल तर 70 जागा मिळतात, आणि मेसेज त्याहून लांब असेल तर दर तुकड्यात 67. शिवाय मोजणी आपण करतो तशी होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘व्यवहाराकरिता’ हा शब्द डोळ्याला सात अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या हिशेबाने त्याला 13 जागा लागतात. ‘जातील’ला पाच.

वरचा जुना मेसेज मोजून पाहा. तो 225 जागांचा आहे, म्हणजे चार तुकडे. पहिला तुकडा ‘व्यवहाराकरिता’ या शब्दाच्या मधेच संपतो आणि कोड दुसऱ्या तुकड्यात जातो. चांगल्या फोनवर हे तुकडे जोडून एक मेसेज दिसतो, त्यामुळे कार्यालयात बसून चाचणी केली तर काही बिघडलेलं दिसत नाही. पण अनेक वयस्कर लोकांच्या हातात बटणांचा साधा फोन असतो. रेंज कमी असेल तर एखादा तुकडा उशिरा येतो, काही जुन्या फोनांवर तुकडे वेगवेगळे किंवा उलटसुलट दिसतात. मग कोड एका तुकड्यात आणि रक्कम दुसऱ्यात अशी फाटाफूट होते, आणि आजोबांच्या समोर फक्त नंबर येतो.

म्हणून माझा नियम असा: रक्कम, ‘खात्यातून जातील’ आणि कोड, हे तिन्ही पहिल्या 67 जागांत आलेच पाहिजेत. वर दिलेलं वाक्य 60 जागांत बसतं. रक्कम लाखात गेली तरी दोन-चार जागा शिल्लक राहतात. आता पूर्ण मेसेज:

> हा कोड दिला की 24,999 रुपये तुमच्या खात्यातून जातील: 618204. फोनवर कोणी हा कोड विचारला तर तो चोर आहे, बँकेचा माणूस नाही. तुम्ही पैसे भरत नसाल तर फोन ठेवा, पासबुकावरच्या नंबरवर लगेच कळवा.

हा 186 जागांचा होतो. तीन तुकड्यांची मर्यादा 201 आहे, म्हणजे शेवटी बँकेचं छोटं नाव लिहायला पंधरा जागा उरतात. जुन्या मेसेजपेक्षा एक तुकडा कमी, आणि दर तुकड्याला पैसे पडत असल्याने हा मुद्दा वरिष्ठांना लगेच पटतो. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे मी गाळले आहेत. तुमच्या पेन्शनरांची एकाहून जास्त खाती असतील आणि बँकेला ते हवेच असतील, तर शेवटी घाला, सुरुवातीला नको.

‘चोर’ या शब्दाला विधी विभाग हरकत घेईल. त्यांना ‘फसवणूक करणारी व्यक्ती’ हवी असते. माझा आग्रह ‘चोर’साठीच असतो, कारण फोन कानाला असताना तो एका फटक्यात कळतो आणि समोरच्या गोड आवाजाबद्दलची भीड मोडतो. वयस्कर माणसाला फोन मधेच ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. ‘चोर आहे’ म्हटलं की ती अडचण राहत नाही. अगदीच जमलं नाही तर ‘तो बँकेचा माणूस नाही’ एवढं तरी शिल्लक ठेवा. ‘व्यक्ती’वर मात्र तडजोड करू नका.

पूर्ण विरामापासून नावापर्यंत सगळं एकदाच ठरवून घ्या. बँकेच्या मेसेजचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. साच्यात बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे इथे रक्कम आणि कोड, यांच्या जागी ठरलेली खूण ठेवतात. बाकीचा मजकूर नोंदणीप्रमाणे तंतोतंत जुळला नाही तर मेसेज अडतो. नंतर एक शब्द बदलायचा झाला तरी पुन्हा नोंदणी. मराठी साचा नोंदवताना तो युनिकोड म्हणूनच नोंदवला आहे ना, हे स्वतः पाहा.

पैसे गेल्यानंतरचा इशारा

हा वेगळा मेसेज आहे आणि तो पहिल्यासारखा दिसता कामा नये. तिथे ‘जातील’, इथे ‘गेले’. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की अजून वेळ आहे की पैसे गेलेत:

> 24,999 रुपये तुमच्या खात्यातून गेले. तुम्ही दिले नसतील तर पासबुकावरच्या नंबरवर आत्ताच फोन करा. फोन लागला नाही तर 1930 वर करा.

बँकेच्या जुन्या मराठीत इथे ‘आपल्या खात्यावर रु. 24,999 नावे टाकण्यात आले’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. हिशेबाच्या भाषेत ‘नावे’ म्हणजे वजा, जमेच्या उलट. पण घरात आपण ‘जमीन मुलाच्या नावे केली’ म्हणतो, म्हणजे त्याला दिली. खातेदाराला ते पैसे मिळाल्यासारखं वाटतं. इशाऱ्याचा अर्थ इतका उलटा पोहोचणं फार घातक आहे, म्हणून हा शब्द जिथे दिसेल तिथून काढा. ‘डेबिट’ अनेकांना माहीत आहे, तरी ‘खात्यातून गेले’ सगळ्यांना कळतं.

‘आपण’ही काढा. ‘आपण व्यवहार केला नसल्यास’ यातला ‘आपण’ म्हणजे तुम्ही, की आपण सगळे, की बँक? वाचणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं. ‘तुम्ही’मध्ये पुरेसा आदर आहे. ज्येष्ठांना ‘तुम्ही’ म्हटल्याने कोणी नाराज झाल्याचं मला कधी ऐकायला मिळालं नाही.

मेसेजमध्ये बँकेचा थेट फोन नंबर देण्याऐवजी मी ‘पासबुकावरचा नंबर’ लिहितो. बँकेच्या इशाऱ्यासारखेच दिसणारे खोटे इशारे येतात आणि त्यात चोराचा नंबर असतो. लोकांना ‘मेसेजमधल्या नंबरवर फोन करा’ ही सवय लावली तर ती उद्या त्यालाच उपयोगी पडेल. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’चे नंबरही खोटे निघतात. पासबुक घरातल्या कपाटात असतं, ते कोणी बदलू शकत नाही. अर्थात तुमच्या पासबुकावर नंबर खरंच छापलेला आहे का आणि तो चालू आहे का, हे आधी बघा. नसेल तर मोठ्या अक्षरांचा शिक्का करून घ्या आणि पासबुक छापायला येणाऱ्या प्रत्येकाच्या पासबुकावर पहिल्या पानावर मारा. लिंक तर कोणत्याच इशाऱ्यात नको.

मूळ इंग्रजीत ‘अमुक शब्द टाइप करून तमुक नंबरला पाठवा’ अशी सोय असेल तर ती पेन्शनरांच्या मजकुरात मी ठेवत नाही. मराठी मेसेज वाचणाऱ्याला त्या घाईत इंग्रजी कळफलक काढून शब्द लिहायला लावणं म्हणजे वेळ घालवणं.

‘अन्यथा खाते बंद करण्यात येईल’, ‘त्वरित कार्यवाही न केल्यास’ अशी धमकीची वाक्यं बँकेच्या कुठल्याही खऱ्या मजकुरात राहू देऊ नका. चोर नेमका याच भाषेत बोलतो. बँकही तशीच बोलत असेल तर दोघांना वेगळं ओळखायचं कसं?

सांगून झालं असेल तर

बहुतेक सूचना ‘सांगू नका’वर संपतात. ज्याने सांगितलंय त्याच्यासाठी त्यात काही नसतं, उलट वाचून तो जास्त शरमतो. म्हातारा माणूस मुलगा रागावेल म्हणून दोन-तीन दिवस घरात बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसे पाच-सहा खात्यांतून फिरून निघून जातात.

इंग्रजी मजकुरात इथे जबाबदारीचं एक वाक्य असतं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीला ग्राहक जबाबदार राहील. याचं शब्दशः मराठी वाचलं की माणूस समजतो, चूक माझी आहे, आता सांगून काय मिळणार? पण रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसाठीच्या 14 डिसेंबर 2017 च्या परिपत्रकात जे म्हटलं त्याचा दुसरा अर्धा भागही आहे. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे ज्याने कोड सांगितला आहे, त्यालाही लगेच फोन करण्यात फायदा आहे. आणि कोड न सांगता, बँकेचा दोष नसतानाही तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा इशारा मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. तुमच्या बँकेचं सध्याचं धोरण विधी विभागाकडून पडताळून घ्या आणि मग हा अर्धा भाग मराठीत ठळक लिहा. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात पोहोचलेत तिथेच ते रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून तो नंबर फलकावर हवाच.

शाखेतल्या फलकासाठी मी असा मजकूर देईन:

> फोनवर कोणी मेसेजमधला नंबर विचारला, तर सांगू नका. ओटीपी म्हणो, कोड म्हणो, रेफरन्स नंबर म्हणो, एकच आहे.
>
> आमच्या बँकेतलं कोणीही तो फोनवर विचारत नाही. मॅनेजरही नाही.
>
> तो नंबर दिला की तुमच्या खात्यातून पैसे काढता येतात. पेन्शन, दाखला, केवायसी, बक्षीस, काहीही कारण सांगितलं तरी देऊ नका.
>
> फोनवरचा माणूस सांगेल ते ॲप मोबाइलमध्ये घेऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नका.
>
> नंबर सांगून झाला असेल तर गप्प बसू नका. लगेच बँकेला फोन करा आणि 1930 वरही करा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे वाचू शकतात.

‘ओटीपी म्हणो, कोड म्हणो’ ही ओळ अनावश्यक वाटेल, पण काढू नका. हुशार चोर ‘ओटीपी’ हा शब्द टाळतो, कारण त्याविषयी लोक सावध झालेत. तो ‘तक्रार क्रमांक’ म्हणतो, ‘रद्द करायचा कोड’ म्हणतो. पडद्यावर OTP ही रोमन अक्षरं दिसत असली तरी ती वाचता न येणारी माणसं आहेत, त्यांना ‘मेसेजमधला नंबर’ हीच ओळख पुरते.

ॲप आणि फाइलची ओळ मूळ इंग्रजी सूचनेत नसेल, तरी घालून घ्या. कोड सांगू नका म्हटल्याने फसवणुकीचा एकच रस्ता बंद होतो. खातेदाराने स्क्रीन दाखवणारं ॲप घेतलं तर चोर मेसेज स्वतः वाचतो, त्याला काही विचारावं लागत नाही. फाइल उघडली तर काही वेळा मेसेज परस्पर त्याच्याकडे जातात. अशा माणसाने सूचना तंतोतंत पाळलेली असते आणि तरीही त्याचे पैसे जातात. यूपीआयचा पिन हा तर आणखी वेगळा विषय आहे. त्यासाठी स्वतंत्र ओळ करा: ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.’ ती याच फलकावर कोंबू नका, शेजारी दुसरा फलक लावा.

कळलं की नाही, हे कसं पाहायचं

‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. मेसेज खातेदाराच्या हातात द्या, वाचू द्या, मग त्यांना शेजारच्या खोलीतून फोन करा आणि चोरासारखं बोला: ‘काका, मी मुख्य शाखेतून बोलतोय, तुमचं पेन्शनचं काम अडकलंय, आत्ता आलेला नंबर सांगता का?’ आधी त्यांना आणि घरच्यांना कल्पना देऊन ठेवा की ही चाचणी आहे, आणि कोड बनावट वापरा. त्यांनी फोन ठेवला तर मजकूर चालतो. त्यांनी ‘थांबा हं, चष्मा घेतो’ म्हटलं तर तो चालत नाही, भाषा कितीही शुद्ध असो. त्यानंतर विचारा, ‘हा कोड दिला असता तर काय झालं असतं?’ उत्तरात रक्कम आली पाहिजे. ‘काहीतरी गडबड झाली असती’ असं उत्तर आलं तर पहिली ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

ही चाचणी शाखेतल्या कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांवर करू नका, कारण घरात त्यांनी हे आधीच ऐकलेलं असतं. पेन्शनच्या दिवशी येणाऱ्यांतले पाच-सात जण घ्या, त्यात निम्म्या बायका असू द्या, आणि किमान एक जण असा घ्या ज्याला वाचता येत नाही आणि मेसेज नातवंडाकडून वाचून घ्यावा लागतो. त्याच्यासाठी मजकूर कानाला कसा लागतो ते कळेल. ‘हा कोड दिला की इतके रुपये जातील’ हे नातवाने मोठ्याने वाचलं तर आजीला लगेच कळतं. ‘सदर व्यवहाराकरिता’ वाचताना नातूच अडखळतो.

हे झाल्यावर शेवटचा मजकूर काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही द्या. लोक मेसेज घेऊन त्यांच्याकडेच येतात, आणि त्यांनी तोंडी ‘ओटीपी शेअर करायचा नाही बरं का’ असं वेगळंच काही सांगितलं तर फलकावरचा मजकूर बाजूला राहतो. फलकावरची पहिली ओळ त्यांनी आहे तशी म्हणावी, एवढं त्यांच्याकडून करून घ्या.